संगीतानं आठवण वाढते की बिघडते?

"मॅडम, बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. सेमिनारला 'संगीत आणि स्मरणशक्ती' घेतलंय. संशोधनाचे पेपर वाचले, पण एक म्हणतो संगीतानं फायदा होतो, दुसरा म्हणतो तोटा. लिटरेचर रिव्ह्यूची मांडणी कशी करू?"

खानापूर भागातली ही मुलगी आली, तेव्हा तिच्या वहीत पानामागून पान सारांश होते. अमक्यानं असं केलं, तमक्याला तसं आढळलं. बेळगावात मराठी शाळेतून थेट इंग्रजी पेपरवर आलेली मुलं बहुधा असंच लिहितात. वाचायला इतके कष्ट पडलेले असतात की एकही पेपर गाळवत नाही.

मी तिला कोरा कागद आडवा धरून चार रकाने आखायला लावले: कोणावर प्रयोग केला, काय लक्षात ठेवायचं होतं, संगीत कुठं होतं, आठवण कशी तपासली.

पहिल्याच ओळीला घोळ सापडला. रॉशर आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा 'मोझार्ट इफेक्ट' तिनं स्मरणशक्तीत धरला होता. त्यात ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवून आकृत्यांची, जागेच्या अंदाजाची कोडी घातली होती. लक्षात ठेवायचं असं काही नव्हतंच. तो पेपर प्रस्तावनेत दोन ओळींपुरता गेला.

मग सलामे आणि बॅडली, १९८९. पडद्यावरचे आकडे लगेच आठवून सांगायचे आणि मागं गाणं चालू. शब्द असलेल्या गाण्यानं जास्त अडथळा आला, नुसत्या वाद्यसंगीतानं कमी. वॉलेसच्या १९९४ च्या प्रयोगात मात्र लक्षात ठेवायचे शब्दच चालीत होते. तीच चाल कडव्यामागून कडवं आली, तेव्हा गायलेले शब्द बोललेल्यांपेक्षा जास्त आठवले. एकच कडवं ऐकवलं, तेव्हा तो फायदा दिसला नाही.

"म्हणजे भांडण नाहीच यांचं," ती म्हणाली. नाहीच. एकात संगीत मागं वाजत होतं, दुसऱ्यात ते शब्दांना धरून होतं. तिसऱ्या रकान्यातल्या या फरकावरूनच रिव्ह्यूचे दोन भाग पडले. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य निष्कर्षाचं ठेवायचं, संशोधकाचं नाव त्यानंतर. वाक्य नावानं सुरू झालं की गाडी पुन्हा सारांशाच्या रुळावर जाते.

चौथा रकाना तिला फालतू वाटत होता. सिमन्स-स्टर्न यांचा २०१० चा अभ्यास आला आणि तोच कामाला आला. अल्झायमरच्या रुग्णांना गायलेल्या ओळी बोललेल्यांपेक्षा जास्त ओळखता आल्या, निरोगी वृद्धांत तसा फरक दिसला नाही. ती लगेच लिहायला निघाली, "चालीचा फायदा फक्त रुग्णांना होतो." मी थांबवलं. इथं ओळी समोर दाखवून 'ही आधी पाहिलीत का' असं विचारलं होतं. वॉलेसनं शब्द मनानं आठवायला लावले होते. माणसंही वेगळी, तपासही वेगळा. एवढ्यावरून वॉलेस खोडता येत नाही. तिनं ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, "निरोगी वृद्धांना त्याच ओळी मनानं आठवायला सांगितल्या तर काय होईल, हे या दोन अभ्यासांवरून कळत नाही." रिव्ह्यूचा शेवटचा परिच्छेद तिथूनच सुरू केला.