फी माफीचा ईमेल: पैसे भरण्याआधी पाठव

परदेशी विद्यापीठाकडे अर्जाची फी माफ करून मागणारा तुझा ईमेलचा मसुदा वाचला. निफाडची बाग, गारपीट, बाबांचं कर्ज यांवरच दोन परिच्छेद गेलेत आणि मागणी शेवटी आलीय. ती पहिल्या वाक्यात हवी: कोणता कोर्स, कोणतं सत्र, अर्ज क्रमांक, आणि फी माफ करावी ही विनंती. परिस्थितीला तीन वाक्यं पुरेत, पण आकड्यांसह. वर्षाचं उत्पन्न १,२०,००० रुपये, फी ९० डॉलर, म्हणजे घरच्या एका महिन्याच्या कमाईतला बहुतेक भाग. हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर जोड. आधी वेबसाइट नीट बघ. काही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांना फी माफी देतच नाहीत. आणि आधी फी भरून मग माफी मागू नकोस, भरलेली फी सहसा परत मिळत नाही.

मुदतवाढ मात्र जपून माग. 'अर्ज उशिरा देतो' असं लिहिलंस की तयारी नाही असं वाटतं. त्याऐवजी लिही: बाकी अर्ज वेळेत पूर्ण करतो, माफीचा निर्णय येईपर्यंत फक्त फीसाठी मुदत द्या. फी भरल्याशिवाय पोर्टल अर्ज घेत नसेल तर तेही सांग. ईमेल निदान तीन आठवडे आधी जाऊ दे. मुदत न्यूयॉर्कच्या वेळेनुसार १ डिसेंबर रात्री ११:५९ असेल, तर नाशिकात ती २ तारखेला सकाळी १०:२९ ला संपते.