नुसतं ‘हॅलो’

‘रात्रपाळीला असतो. बारा-साडेबाराला चॅट उघडतो, हॅलो टाकतो आणि पुढं काय लिहायचं तेच सुचत नाही. तसं काही झालेलं नाही, नुसतं एकटं वाटतंय. एवढ्यासाठी तुमचा वेळ घेतला तर चालतो काय?’

चालतो. हे मला इतक्या जणांनी विचारलंय, की एकाची हकिगतच सांगते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत.

मुलगा खानापूर तालुक्यातला, बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर. रात्री अकरा ते सकाळी सात. मजगावात खोली, सोबतचे दोघं दिवसपाळीचे. हा दार उघडतो तेव्हा ते बूट घालत असतात.

आमच्या समुपदेशनाच्या चॅटवर समोरून पाच मिनिटं काही आलं नाही की संवाद आपोआप बंद व्हायचा. नोंदीत दिसलं, तीन रात्री त्याचं हॅलो आलेलं, आमच्याकडून ‘कशाबद्दल बोलायचंय?’ गेलेलं, आणि खिडकी बंद. ज्याला स्वतःलाच कशाबद्दल ते ठाऊक नाही, त्याला हा प्रश्न परीक्षेतल्यासारखा वाटतो. चौथ्या रात्री मी होते. खिडकी बंद होऊ न देता मी लिहिलं, ‘मी आहे इथं. कामावर आहात की घरी?’

सहा मिनिटांनी उत्तर : ‘कामावर.’

‘जेवलात काय?’

पुन्हा सहा मिनिटं. ‘नाही.’

तोवर मी त्याला संकोची ठरवून मोकळी झाले होते. तिसऱ्यांदाही बरोबर सहा मिनिटं गेली तेव्हा माझी ट्यूब पेटली. मशीनवर झालेला जॉब काढायचा, दुसरा चकमध्ये बांधायचा, बटण दाबायचं, मग मोबाईल. मी लिहिलं, ‘मशीनची सहा मिनिटांची सायकल आहे का? मशीनजवळ फोन नको. चहाच्या सुट्टीत लिहा, मी थांबते.’

‘तुम्हाला कसं कळलं?’ हे त्याचं पहिलं पूर्ण वाक्य. अनेक वर्षं हे काम केल्यावरही अशा वाक्याचं मला अजून अप्रूप वाटतं.

त्याच रात्री सुट्टीत मी सरळ विचारलं, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट होते. तो म्हणाला, ‘तसलं नाही. खरं झोप लागत नाही.’

पुढचे तीन आठवडे आम्ही झोपेवरच घालवले. साडेसातला खोलीवर यायचा, दहापर्यंत मोबाईल, मग जेमतेम तीन तास झोप. खिडकीला जाड चादर, आल्या आल्या झोप, रात्री तीननंतर चहा बंद. एवढ्यानं पाच तासांवर आला. पहाटे चार-पाचला शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, माणूस पेंगतो आणि सगळं भकास वाटतं. त्या वेळी आयुष्याचा हिशेब मांडायचा नाही, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मी आधी दिनक्रमाला हात घालते, विचारांना नंतर. सगळ्या सहकाऱ्यांना हे पटत नाही.

झोप सुधारली, एकटेपणा तसाच. एका सुट्टीत मी विचारलं, ‘रात्री तुमच्याशी कोण बोलतं?’

‘कोणच नाही.’

‘एक शब्दही?’

‘गेटवरचे अज्जा विचारतात, ऊट आय्ता, जेवण झालं का म्हणून. रोज.’

‘तुम्ही काय म्हणता?’

‘आय्तु, झालं म्हणतो आणि आत जातो.’

‘पण डबा तर तुम्ही तीनला खाता.’

‘होय की. उगं कशाला बोलत बसायचं. माझं कन्नड पण मोडकंच.’

मी लिहिलं, ‘त्यांचं ऊट आय्ता आणि तुमचं हॅलो, यात फरक काय?’

बराच वेळ काही आलं नाही. मीही दुसरं वाक्य पुढं ढकललं नाही. सुट्टी संपता संपता उत्तर आलं, ‘अज्जाला पण तिथं कोण नसतंय.’

मलाही हे त्यानंच शिकवलं. एकट्या माणसाला कोणी हाक मारत नसतं असं नाही. पुष्कळदा तो ‘झालं’ म्हणून हाक परतवत असतो. म्हणून मी कुणाला ‘मित्र करा’ सांगत नाही. रोज कोण काय विचारतं आणि आपण काय उत्तर देतो, एवढंच आठवून लिहायला सांगते. त्यातलं एक उत्तर खरं द्यायचं, बस. त्यानं ‘इल्ला अज्जा’, नाही अज्जा, म्हणायचं ठरवलं.

दोन आठवड्यांहून जास्त झोप आणि भूक दोन्ही गेली असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूच नका. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत आणि कन्नडमध्येही.

त्याचा शेवटचा निरोप तीन वाजून दहा मिनिटांचा. ‘आज अज्जांनी शेंगाचटणी आणलीय. नंतर लिहितो.’

नंतर काही लिहिलं नाही.