ईसीसी घ्यायची की साधी रॅम?

ईसीसी रॅम म्हणजे मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करू देणारी रॅम. आधी एक गैरसमज दूर करा: डीडीआर५ घेतली की वेगळी ईसीसी लागत नाही, हे खरं नाही. डीडीआर५ च्या साध्या रॅममध्येही ईसीसी असते, पण ती चिपच्या आतल्या चुकांपुरतीच. रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर बिट उलटला, तर ती काहीच करत नाही आणि चूक झाल्याची नोंदही ठेवत नाही.

गेम, ब्राउझिंग किंवा कोडिंगसाठी साधी रॅम घ्या आणि वाचलेल्या पैशांत बॅकअपची डिस्क घ्या. पण गणित चार-चार दिवस चालणार असेल किंवा घरातले सगळे फोटो त्याच मशीनवर राहणार असतील, तर मी ईसीसीच घेईन. बिघडलेली फाइल बॅकअपमध्येही निमूटपणे बिघडलेलीच जाते, हे मला सर्वांत घातक वाटतं.

वर्कस्टेशन बोर्ड दरवेळी लागतोच असं नाही. एएमडी रायझनच्या काही साध्या बोर्डांवर अनबफर्ड, म्हणजे मधे रजिस्टर चिप नसलेली, ईसीसी चालते. बोर्डाच्या स्पेसिफिकेशनमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरला मात्र डब्ल्यू६८० चिपसेट लागतो, तिथे जादा पैसे टाळता येत नाहीत. सर्व्हरमधली रजिस्टर्ड रॅम स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, या बोर्डांवर ती चालणार नाही.

जोडणी झाल्यावर लिनक्सवर खात्री करा:

```
sudo dmesg | grep -i edac
```

इथे मेमरी कंट्रोलरची नोंद दिसली नाही, तर बायोसमध्ये ईसीसी बंद आहे का ते आधी बघा.