'ताक' आणि 'टाक'

प्रश्न : माझी सून अमेरिकेत वाढलेली. मराठी हौसेने शिकते, पण 'ताक' आणि 'टाक' तिला एकच ऐकू येतात. दहादा म्हणून दाखवलं. कानाचा दोष असेल का?

कानाचा नाही. 'त' म्हणताना आपली जीभ दातांना लागते, 'ट' म्हणताना टोक मागे वळून टाळूला लागतं. इंग्रजीतला 'टी' या दोन्हींच्या मधल्या जागी, हिरडीच्या उंचवट्यावर होतो. म्हणजे आपल्या दोन खणांच्या जागी तिच्याकडे एकच खण, आणि दोन्ही ध्वनी त्यातच पडतात. (त्यातून शब्दारंभी इंग्रजी 'टी' महाप्राण असतो, म्हणून आपलं 'ताक' तिला 'डॉक'सारखंही वाटत असेल.)

असं खणांनी ऐकणं प्रयोगात दिसलं ते 1957 साली. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत लिबरमन आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी 'ब-ड-ग' यांच्यामधले 14 कृत्रिम ध्वनी सारख्या टप्प्यांनी बनवले. ऐकणाऱ्यांना मात्र ध्वनी हळूहळू बदलताना जाणवला नाही; ठरावीक जागी 'ब'चा एकदम 'ड' झाला. टप्पा तेवढाच, पण सीमेच्या अल्याडपल्याडचे ध्वनी चटकन वेगळे कळायचे आणि एकाच खणातले फारसे कळायचे नाहीत. स्वरांच्या बाबतीत या सीमा इतक्या धारदार नसतात.

सीमा कुठे पडते, हे भाषा ठरवते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली हिंदीतला हाच त-टचा भेद इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवला. 6-8 महिन्यांच्या बहुतेकांना तो कळला. 10-12 महिन्यांच्या फार थोड्यांना. हिंदी घरांतल्या बाळांना मात्र वर्षाच्या सुमारासही कळत होता.

मग मोठेपणी तो भेद पुसलाच जातो का? मला सगळ्यात रोचक वाटतं ते इथलं उत्तर. वर्कर आणि लोगन यांनी 1985 साली दोन ध्वनींमधलं अंतर बदलून पाहिलं. अर्धा सेकंद किंवा त्याहून कमी असताना इंग्रजी भाषकांना त-ट वेगळे ओळखता आले. दीड सेकंद झाल्यावर जमेना. आवाजाचा ताजा ठसा असेपर्यंत फरक हाती असतो, तो विरला की स्मरणात फक्त खणाचं नाव उरतं, आणि ते दोन्हींचं एकच.

तेव्हा 'ताक' म्हणून, अर्थ सांगून, मग 'टाक' म्हणू नका. दोन्ही लागोपाठ म्हणा. त्याआधी 'वात-वाट', 'पात-पाट' घ्या. 'ट'साठी जीभ आधीच वळू लागते, त्यामुळे त्याची खूण मागच्या स्वरात जास्त ठळक उमटते. शब्दारंभी हा आधार नसतो.

आणि सूनबाईंना वाईट वाटलं तर त्यांना जाकिटातला 'वेस्ट' आणि पश्चिमेचा 'वेस्ट' म्हणायला सांगा. आपल्याकडे त्या दोन्हींना एकच 'व'. देवनागरीत मला ते वेगळे लिहिताही आले नाहीत.