रोजच्या रिपोर्टसाठी क्रॉन की एअरफ्लो?

प्रश्न: आमची छोटी कंपनी आहे. रात्री डेटा काढणे, हिशेब करणे आणि सकाळी ईमेल पाठवणे एवढंच काम आहे. क्रॉन पुरेल की एअरफ्लो लावू?

उत्तर: क्रॉनच पुरेल, पण तीन कामांच्या तीन ओळी लिहू नका. १ वाजता डेटा, १:३० ला हिशेब, २ ला ईमेल असं लावलं की एखाद्या रात्री डेटा काढायला ४० मिनिटं लागतात, हिशेब अर्धवट डेटावर चालतो आणि चुकीचा रिपोर्ट बिनबोभाट सगळ्यांना जातो. क्रॉनला फक्त वेळ कळते, आधीचं काम संपलं की नाही ते कळत नाही. म्हणून तिन्ही पायऱ्या एकाच स्क्रिप्टमध्ये ठेवा, सुरुवातीला `set -e` लिहा, म्हणजे एक पायरी फसली की पुढची चालणारच नाही. क्रॉनमध्ये मग ही एकच ओळ लिहा:

```
0 1 * * * flock -n /tmp/report.lock /opt/report/run.sh
```

`flock` मुळे कालचं काम अडकलेलं असेल तर दुसरं सुरू होत नाही. स्क्रिप्टला तारीख बाहेरून देता येऊ द्या. जुना दिवस पुन्हा चालवणं सोपं जातं. मात्र एकाच डेटावर अनेक रिपोर्ट अवलंबून असतील आणि मधलीच पायरी वारंवार पुन्हा चालवावी लागत असेल, तर एअरफ्लो घ्या. त्याचा शेड्युलर आणि डेटाबेस सांभाळायला माणूस लागतो, तेवढं धरून चाला.