‘सगळे अधिकार दिले’ म्हणजे लिहिलंय तेवढेच

प्रश्न: मी गेली १४ वर्षं कॅनडात आहे. गावची वडिलोपार्जित शेतजमीन विकायची आहे, पण भारतात यायला जमणार नाही. चुलतभावाला पॉवर ऑफ अटर्नी दिली तर तो माझ्या वतीने सगळं करू शकतो का? त्याला काय करता येत नाही?

‘सगळं’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. याच शब्दावरून माझ्या सख्ख्या भावाचं आणि माझं दीड वर्ष बोलणं बंद होतं. फरक एवढाच, की तुम्ही कॅनडातून विचारताय आणि मी इकडचा, ज्याच्या हातात तो कागद होता तो.

आमची जमीन कराड तालुक्यात. वडील २०१४ ला गेले, आई त्याआधीच. वारस नोंद झाली आणि ताईने रीतीप्रमाणे आम्हा दोघा भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. रीतीप्रमाणे म्हणजे कसं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे वाटप होऊन दोघांचे सातबारे वेगळे झाले, दोन-दोन एकर. दादा न्यू जर्सीत. २०१८ मध्ये त्याने त्याचे दोन एकर विकायचं ठरवलं आणि मला मुखत्यार केलं, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी दिली.

पहिलं मुखत्यारपत्र त्याने इंटरनेटवरून उतरवलं, तिथल्या नोटरीपुढे सही केली आणि मला स्कॅन पाठवलं. त्यात इंग्रजीत लिहिलेलं, की माझ्या भारतातल्या सर्व मालमत्तेबाबत सर्व कृत्ये करण्याचा अधिकार देत आहे. दादा खूश. आमच्या वकिलांनी ते वाचलं आणि चहा मागवला. मूळ कागद नाही, गट नंबर नाही, क्षेत्र नाही. खरेदीखतावर सही करून ते दुय्यम निबंधकापुढे सादर करायचा आणि कबुली द्यायचा अधिकार कुठेच शब्दांत नाही. ते म्हणाले, “मुखत्यारपत्र काटेकोर वाचतात. विक्री लिहिली असेल तर विक्री. ‘सर्व कृत्ये’ हे शेपूट आहे, ज्याला ते जोडलंय त्याच्यापुरतंच हलतं.” हे वाक्य मी पुढे दादाला निदान दहा वेळा ऐकवलं.

दुसरा मसुदा इथून करून पाठवला. त्यात गाव, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. खरेदीखत लिहून देणे, नोंदणीस सादर करणे, कबुली देणे, फेरफारासाठी तलाठ्याकडे अर्ज करणे. रक्कम फक्त दादाच्या एनआरओ खात्यावर, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांतल्या खात्यावर घ्यायची, हेही. दादाने न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत जाऊन सही केली. नोंदणी कायद्यात परदेशातला नोटरीही चालतो, पण इथल्या कार्यालयात वकिलातीचा शिक्का दिसला की प्रश्न कमी विचारतात. तुम्हीही तेच करा. मूळ कागद कुरिअरने आला. परदेशात सही झालेला कागद राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. सख्ख्या भावाला दिलेलं, मोबदल्याशिवायचं, म्हणून ५०० रुपयांचं काम. ते माझ्याकडून राहिलं. जूनमध्ये आलेला लखोटा ऊस लागणीच्या गडबडीत कपाटात गेला तो ऑक्टोबरात सापडला. दंड किरकोळ, हेलपाटे चार. ही चूक माझी, कबूल.

आता मुख्य गोष्ट.

इसार व्हायच्या आदल्या आठवड्यात दादाचा फोन आला. ताईने हक्क सोडला हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. “असं कर, एक एकर विक. दुसरा एकर तायडीच्या नावे करून टाक. तुला सगळे अधिकार दिलेत ना!”

विचार चांगला होता, त्याबद्दल मी कधीच काही म्हटलं नाही. पण बहिणीच्या नावे फुकट करून देणं म्हणजे बक्षीसपत्र, आणि माझ्या कागदावर विक्री लिहिली होती. विकायचा अधिकार म्हणजे द्यायचा अधिकार नव्हे. बक्षीस द्यायचं तर मुखत्यारपत्रात तसं स्पष्ट हवं: कोणाला, कोणतं क्षेत्र. तसं नसताना मी बक्षीसपत्र नोंदवलं असतं, तर उद्या दादा किंवा त्याची मुलं ते उडवून लावू शकली असती, आणि ताईच्या हातात पुन्हा एकदा नुसता कागद उरला असता. मी दादाला म्हटलं, परत वकिलातीत जा, एका पानाचं दुसरं मुखत्यारपत्र कर, फक्त बक्षिसाचं. तो म्हणाला, सुट्टी नाही. मग म्हणाला, “तुलाच द्यायचं नाहीये.”

हे त्याने ताईलाही सांगितलं.

शेवटी दोन्ही एकर विकले. शेजारचा बांधकरीच घेणार होता. इथे हेही सांगतो, की शेतजमीन महाराष्ट्रात साधारणपणे शेतकऱ्यालाच विकता येते. शिवाय अनिवासी भारतीयाने विकायची तर ती भारतात राहणाऱ्याला. टोरंटोतला तुमचा मित्र चांगला भाव देत असला तरी त्याला नाही. यातला एक एकर खरं तर मलाच घ्यायचा होता. वकील म्हणाले, मुखत्यार स्वतःच खरेदीदार झाला तर मालकाला तो व्यवहार नंतर झिडकारता येतो. घ्यायचाच असेल तर दादाची उघड लेखी संमती आण आणि त्या दस्तासाठी त्याने दुसऱ्या कोणाला तरी मुखत्यार करू दे. तेव्हाचं आमचं बोलणं बघता मी तो नाद सोडला. तुमच्या चुलतभावाची जमीन शेजारीच असेल, बहुतेक असतेच, तर मुखत्यारपत्रात सरळ लिहा की मुखत्याराने ही जमीन स्वतःच्या, बायकोच्या किंवा मुलांच्या नावे घ्यायची नाही. त्याला राग आला तर तो आत्ताच आलेला बरा.

नोंदणीच्या दिवशी मुखत्याराकडून एक घोषणापत्र घेतात. मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, लिहून देणारा मयत झालेला नाही, आणि हे खोटं ठरलं तर नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली मी शिक्षेस पात्र राहीन. मालक गेला की मुखत्यारपत्रही संपतं, त्याच क्षणी. (मोबदला घेऊन दिलेल्या, ज्यात मुखत्याराचं स्वतःचं हित अडकलंय अशा कागदाला अपवाद आहे. तुमचं ते प्रकरण नाही.) सही करायच्या आधी मी दादाला फोन लावला. इथे दुपारचे साडेबारा, तिकडे रात्रीचे दोन. त्याने घाबरून उचलला, “काय झालं?” म्हटलं, “काही नाही, आहेस ना? बास.” त्या अबोल्याच्या काळातलं आमचं हे एकमेव धड बोलणं.

पैसे त्याच्या एनआरओ खात्यात जमा झाले. दादाने मला त्या खात्यावरही मुखत्यार नेमलं होतं, वीजबिलं, घरपट्टी वगैरेसाठी. त्याचा मेसेज आला: आता माझ्या खात्यातून तायडीला निम्मे दे. मी बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवला. एनआरओ खात्यावरच्या निवासी मुखत्याराला इथली देणी भागवता येतात. पण मालकाच्या वतीने कोणा रहिवाशाला भेट म्हणून पैसे देता येत नाहीत, दुसऱ्या एनआरओ खात्यात वळवता येत नाहीत, आणि खात्यातली रक्कम परदेशात पाठवायची तर ती फक्त खातेदाराला स्वतःलाच. म्हणजे मी दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणणारा ठरलो.

दादाला स्वतःला मात्र कुणी अडवलं नव्हतं. नेटबँकिंग त्याच्याकडे होतं, ताईचा खाते क्रमांक मी पाठवला होता. एडिसनमधल्या घरच्या सोफ्यावरून दहा मिनिटांचं काम. त्याला आठ महिने लागले. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: मुखत्यारपत्रात जे बसत नाही, ते बहुतेक वेळा मालकाला स्वतः करता येण्यासारखं असतं. त्याला फक्त ते दुसऱ्याच्या हाताने झालेलं हवं असतं, म्हणजे राहिलं तर नाव दुसऱ्याचं. माझ्या दोन एकरांतलं ताईला मीही काही दिलं नव्हतं, हेही इथे लिहायला हवं. ती ते मला बोलली नाही. दादा बोलला.

तुमच्या चुलतभावाचं. मुद्रांक कायद्यात सवलतीसाठी आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगी, नातवंडं अशी नाती मोजून पुढे ‘जवळचे नातेवाईक’ म्हटलंय. चुलतभावाचं नाव त्यात नाही. तो त्यात बसत नाही असं ठरलं, तर विकायचा अधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्रावर खरेदीखतासारखं, बाजारभावावर मुद्रांक शुल्क लागू शकतं. किती शुल्क लागेल याचा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडून आधी अभिनिर्णय करून घ्या. सख्खी बहीण भारतात असेल तर तिला मुखत्यार करा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. आणि कुणी दलाल म्हणाला की खरेदीखत नको, नुसतं कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत करून द्या, पैसे घ्या, तर फोन ठेवा. अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. सातबारा तुमच्या नावावर राहील आणि जमीन तिसऱ्याच्या ताब्यात.

कागदावर शेवटची तारीख घाला, सहा महिने किंवा वर्ष. मधेच रद्द करायची वेळ आली, तर चुलतभावाला फोनवर सांगून भागत नाही. ज्याला ते माहीतच नाही अशा खरेदीदाराशी त्याने व्यवहार केला तर तो तुमच्या अंगावर येऊ शकतो. त्याला लेखी नोटीस, दुय्यम निबंधकाला प्रत, इसार झाला असेल तर खरेदीदारालाही. मूळ कागद परत मागून घ्या.

कराचं मी लिहीत नाही. विकणारा अनिवासी असेल तर खरेदीदाराने करकपात किती करायची, हे जमीन शहराच्या हद्दीपासून किती लांब आहे यावरही बदलतं. ते इसाराच्या आधी सीएला विचारा, नंतर नाही. आणि जमीन वर्ग २ ची, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी असेल किंवा तुमच्या सातबाऱ्यावर बहिणींची, आत्यांची नावं असतील, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून आधी तेच बघा. तुमचं मुखत्यारपत्र फक्त तुमच्या हिश्शापुरतं चालतं. आत्यांची सही चुलतभाऊ करू शकत नाही.