शोधनिबंधाच्या लेखकाला पत्र लिहिताना नेमके काय विचारावे?

प्रश्न: एका शोधनिबंधाच्या लेखिकेला ईमेल करायची आहे. ओळख नाही, माझी पदवीही दुसऱ्या विषयातली आहे. काय विचारले म्हणजे उत्तर येईल आणि पुढेही बोलणे चालू राहील?

उत्तर: मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. अशी पत्रे मी लिहिली आहेत आणि मला येतातही. माझ्या मते पदवीची अडचण फारशी येत नाही. अडचण येते ती प्रश्नाची. ज्याचे उत्तर निबंधातच आहे, किंवा जे देण्यासाठी अख्खे व्याख्यान द्यावे लागेल, असा प्रश्न ‘नंतर सावकाश लिहू’ म्हणून बाजूला पडतो आणि मग कायमचाच राहतो. लेखकाच्या टिपणवहीत जे असते पण छापताना गाळले जाते, त्याविषयी विचारावे.

माझ्या परिचयातल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचे उदाहरण देतो. त्यांना सह्याद्रीत भटकण्याचा नाद आहे. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग मरते. मुंबईच्या परिसरात ती 2008, 2016 आणि 2024 मध्ये फुलली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. या गृहस्थांच्या नेहमीच्या डोंगरावरही बहुतेक कारवी 2024 मध्येच फुलली, पण खालच्या उतारावरचा एक पट्टा 2022 मध्येच फुलून वाळून गेला होता. त्यांनी वाचलेल्या निबंधात ठिकाणांचा तक्ता होता आणि प्रत्येक ठिकाणापुढे फुलोऱ्याचे एकच वर्ष दिलेले होते.

त्यांचा पहिला मसुदा असा होता: ‘कारवी आठ वर्षांनीच का फुलते, यावर मार्गदर्शन करावे.’ याचे उत्तर कोण आणि किती लिहिणार? आम्ही बसून तो बदलला. शेवटी गेलेले पत्र साधारण असे होते:

‘आपल्या निबंधातील दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक ठिकाणासाठी फुलोऱ्याचे एकच वर्ष दिले आहे. मी ज्या डोंगरावर दरवर्षी जातो, तिथला खालच्या उतारावरचा पट्टा उरलेल्या कारवीच्या दोन वर्षे आधी फुलला. असे वेगळ्या वर्षी फुलणारे पट्टे आपल्याला आढळले नाहीत, की आढळूनही तक्त्यात घेतले नाहीत? माझ्याकडे दोन्ही वर्षांची तारखांसह छायाचित्रे आहेत; उपयोगी वाटल्यास पाठवीन.’

याखेरीज आपण कोण हे सांगणारी एक ओळ होती आणि विषयाच्या जागी ‘तक्ता 2: वेगळ्या वर्षी फुललेली कारवी’ एवढेच होते. स्तुतीचा परिच्छेद आम्ही काढून टाकला, कारण तक्ता लक्षपूर्वक वाचल्याचे प्रश्नावरूनच कळत होते. छायाचित्रेही सोबत जोडली नाहीत. अनोळखी माणसाकडून आलेल्या जड फायली कोणी सहसा उघडत नाही. मुख्य म्हणजे या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देता येत होते.

उत्तर आले. असे पट्टे दिसले होते, पण एकाच वर्षीच्या नोंदीवरून काही ठरवता येत नाही म्हणून ते वगळले, असे बाईंनी कळवले आणि छायाचित्रे मागवली. बहुतेक लोक इथे आभार मानून थांबतात. या गृहस्थांनी छायाचित्रे पाठवली आणि पुढच्या पावसाळ्यात, काही न मागता, त्याच पट्ट्यातली नवी रोपे किती उंच झाली आहेत तेही कळवले. बाईंना त्या डोंगरावर दरवर्षी जाणे शक्य नव्हते, त्यामुळे त्या निरोपाला खरी किंमत होती. आता प्रश्न त्याच विचारतात.

अनोळखी लेखकाला लिहिलेल्या पत्रांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे रामानुजन यांनी 16 जानेवारी 1913 रोजी हार्डींना लिहिलेले पत्र. त्यातही सुरुवातीलाच हार्डींच्या पुस्तिकेतल्या 36व्या पानावरच्या एका विधानाचा, अविभाज्य संख्यांविषयीच्या, उल्लेख आहे. सोबत प्रमेयांची पाने जोडण्याचे अनुकरण मात्र आपण करू नये. ते रामानुजनांनाच शोभले.

पाठवण्यापूर्वी निबंधाची पुरवणी आणि नंतर निघालेले शुद्धिपत्रक पाहून घ्यावे, कारण निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. निबंधावर पत्रव्यवहारासाठी दिलेला पत्ता अनेकदा मार्गदर्शक प्राध्यापकांचा असतो, तर प्रत्यक्ष डोंगर चढलेला विद्यार्थी लेखकांच्या यादीत पहिला असतो. नोंदींविषयीचा प्रश्न असेल तर त्याला लिहावे आणि प्राध्यापकांना प्रत द्यावी. जुन्या निबंधावरचा संस्थेचा पत्ता बंद पडलेला असू शकतो, म्हणून सध्याचा पत्ता शोधावा. उत्तर नाही आले तर दोन-तीन आठवड्यांनी त्याच पत्राखाली एकदाच आठवण करावी. तरीही काही आले नाही तर सहलेखकाला नव्याने लिहावे, पण आधीच्या मौनाची तक्रार त्यात नको.

आपल्या नोंदी पुढच्या निबंधात वापरल्या जातील असे दिसू लागले, तर श्रेय कसे दिले जाईल हे त्याच वेळी मोकळेपणाने विचारून घ्यावे. नोंदी देऊन झाल्यावर हा विषय काढणे दोघांनाही अवघड जाते.